लांबच्या विमानप्रवासानंतर घसा दुखू नये म्हणून : पहिल्यांदा परदेशी निघणाऱ्यांसाठी

पहिल्यांदा मुलीकडे न्यू जर्सीला गेलो तेव्हा मुंबईहून निघालेलं विमान १६ तासांनी उतरलं आणि यांच्या तोंडून शब्द फुटेना. घशात सोलल्यासारखं दुखत होतं, आवंढा गिळवत नव्हता. विमानात कुणीतरी खोकत होतं, त्याचाच संसर्ग झाला असं आम्ही ठरवून टाकलं. पुण्याहून बरोबर नेलेली अँटिबायोटिकची पट्टी काढली आणि त्याच दिवशी गोळ्या सुरू केल्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत घसा बराच निवळला. गोळ्यांनी बिघडलेलं पोट मात्र चार दिवस त्रास देत राहिलं.

परत आल्यावर आमच्या डॉक्टरांना हे सांगितलं. त्यांनी दोनच प्रश्न विचारले. ताप होता का? आणि दुखायला नक्की कधी लागलं? ताप नव्हता, आणि विमानात झोपून उठल्यावरच दुखायला लागलं होतं. डॉक्टर म्हणाले, "काकू, काकांचा घसा वाळला होता, पिकला नव्हता. त्याला औषध लागत नाही, ओलावा लागतो." पुढच्या खेपेला आम्ही त्यांच्या सांगण्याप्रमाणे तयारी केली. तोच प्रवास, तेच १६ तास. पण उतरल्यावर हे नातवाशी बोलत बोलत घरी गेले. आम्ही काय केलं ते क्रमाने लिहिते. आई-वडील मुलांकडे पहिल्यांदाच निघाले असतील, तर त्यांच्यासाठी हे मुद्दाम आहे.

१. आधी कारण नीट समजून घ्या

विमान ३५ ते ४० हजार फुटांवर असतं तेव्हा बाहेरची हवा उणे ५० अंशांच्या आसपास असते. इतक्या थंड हवेत बाष्प जवळजवळ नसतंच. तीच हवा आत घेऊन, दाबून, तिचं तापमान सोसवेल इतकं करून आपल्याला दिली जाते. आतली साधारण निम्मी हवा गाळून पुन्हा खेळवतात, पण तिच्यातला ओलावा म्हणजे मुख्यतः प्रवाशांच्या श्वासातून आणि घामातून आलेला. त्यामुळे लांबच्या उड्डाणात आतली आर्द्रता १० ते २० टक्क्यांच्या घरात राहते, कधी त्याहूनही खाली जाते. घरात ४० ते ६० टक्के असली की आपल्याला बरं वाटतं. पुण्यात किंवा विदर्भात एप्रिलच्या दुपारी ओठ फुटतात ती हवा आठवा, आणि तिच्यात सलग १६ तास बसायचं आहे असं समजा. बोइंग ७८७ किंवा एअरबस ए३५० यांसारख्या नव्या विमानांत हवा किंचित कमी कोरडी असते, पण कोरडीच.

आता महत्त्वाचा भाग. आपण नाकाने श्वास घेतो तेव्हा नाक ती हवा ओली आणि कोमट करून मगच घशाकडे सोडतं. तोंडाने घेतला की कोरडी हवा थेट घशाच्या आतल्या नाजूक अस्तरावर आदळते. अस्तरावरचा ओला थर सुकतो आणि घसा सोलल्यासारखा होतो. म्हणजे त्रास सगळा त्या पृष्ठभागाचा आहे. हवेच्या कोरडेपणाने शरीरातलं एकूण पाणी तितकंसं कमी होत नाही. म्हणूनच एकदम लिटरभर पाणी पिऊन उपयोग होत नाही: ते पोटात जातं, नंतर लघवीला जावं लागतं, आणि घसा अर्ध्या तासात पुन्हा कोरडा. घसा ओला ठेवायचा तर घोट थोडे आणि वारंवार हवेत, आणि श्वास नाकाने चालू राहायला हवा. पुढचं सगळं या दोन गोष्टींसाठीच आहे.

२. हातातल्या पिशवीत काय ठेवायचं

चेक-इन केलेल्या बॅगेत हे ठेवून काही फायदा नाही. पायाशी ठेवायच्या छोट्या पिशवीत ठेवा.

- अर्धा ते एक लिटरची रिकामी बाटली, घट्ट झाकणाची
- नाकात घालायचे सलाइनचे थेंब किंवा स्प्रे
- दोन-तीन साधे सर्जिकल मास्क, किंवा मऊ सुती रुमाल
- ओठांना लावायला व्हॅसलीनची लहान डबी
- चघळायला खडीसाखर किंवा साध्या गोळ्या; मधुमेह असेल तर बिनसाखरेच्या
- नेहमीची औषधं आणि डॉक्टरांची चिठ्ठी

सलाइनच्या थेंबांबाबत जरा थांबून सांगते, कारण इथे हमखास चूक होते. मेडिकलच्या दुकानात "नाकाचे थेंब द्या" एवढंच म्हटलं की पुष्कळदा चोंदलेलं नाक मोकळं करणारे थेंब हातात पडतात. त्यांत झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिन असतं. ते सुजलेलं अस्तर आकसवतात, नाक आणखी कोरडं करतात, सलग काही दिवस वापरले तर नाक उलट जास्त चोंदतं, आणि रक्तदाब असलेल्यांनी ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय घ्यायचे नसतात. आपल्याला हवं आहे ते नुसतं मिठाचं निर्जंतुक पाणी. बाटलीवर सोडियम क्लोराइड ०.६५ किंवा ०.९ टक्के एवढंच लिहिलेलं असेल ती घ्या. दुसरं औषध लिहिलेलं असेल तर परत करा.

पुष्कळ जण जेष्ठमधाची कांडी घेतात. घशाला ती बरी वाटते हे खरं. पण जेष्ठमध जास्त प्रमाणात पोटात गेलं तर रक्तदाब वाढतो आणि शरीरातलं पोटॅशियम कमी होतं. रक्तदाबाच्या किंवा लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर त्या वाटेला जाऊ नका, खडीसाखर पुरेशी आहे. मेन्थॉलच्या गोळ्यांनी गारवा जाणवतो, तो नुसता जाणवतो. जो काही ओलावा येतो तो चघळताना सुटलेल्या लाळेचा. जी गोळी तोंडात बराच वेळ टिकते ती चांगली. तोंडात गोळी, लवंग, कांडी ठेवून झोपायचं मात्र अजिबात नाही. श्वासनलिकेत अडकण्याचा धोका असतो.

खाण्याची कोणतीही वस्तू बरोबर असेल तर अमेरिकेत उतरल्यावर ती जाहीर करायची, लहानशी असली तरी.

३. पाणी घरापासून सुरू करा

आमची पहिली चूक विमानात झालीच नव्हती, ती पुण्यात झाली. दुपारी चारला टॅक्सीत बसायचं होतं. वाटेत स्वच्छतागृहाची पंचाईत नको म्हणून मी जेवणानंतर पाणी प्यायलेच नाही, यांनाही पिऊ दिलं नाही. पुढे घाट, मुंबईतली गर्दी, विमानतळावरच्या रांगा. विमानात बसेपर्यंत आठ तास होऊन गेले होते आणि आम्ही फक्त एक-एक कप चहा घेतला होता. कोरडा घसा घेऊनच आम्ही विमानात शिरलो.

वय वाढतं तशी तहान लागायचीच कमी होते, त्यामुळे "तहान लागली की पिऊ" हा नियम साठीनंतर भरवशाचा नाही. दुसऱ्या वेळी आम्ही निघताना एक पेला पाणी प्यायलो, वाटेत फूड मॉलवर थांबलो, आणि अर्ध्या लिटरची एक-एक बाटली विमानतळापर्यंत संपवली. फार नाही, पण पुरेसं.

तिकीट काढताना जागा निवडता येत असेल तर खिडकीचा मोह सोडून वाटेच्या बाजूची सीट घ्या. मधल्या किंवा खिडकीच्या सीटवर बसलेली माणसं शेजाऱ्याला उठवायचा संकोच म्हणून पाणी टाळतात. आपल्याकडच्या बायका तर फारच टाळतात. उठबस झाली तर पायांनाही बरं.

एक अपवाद नीट वाचा. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे डॉक्टरांनी पाणी मोजून प्यायला सांगितलं असेल, तर या लेखातली मापं तुमच्यासाठी नाहीत. निघण्यापूर्वी डॉक्टरांकडून प्रवासाच्या दिवसाचं माप लिहून घ्या. मास्क आणि सलाइनचे थेंब तुमच्या जास्त उपयोगी पडतील, कारण त्यांनी पाणी न वाढवता ओलावा टिकतो.

४. सुरक्षा तपासणी आणि बाटली

१०० मिलिलिटरपेक्षा मोठ्या बाटलीतलं पाणी आंतरराष्ट्रीय प्रवासात बहुतेक विमानतळांवर तपासणीच्या पलीकडे नेऊ देत नाहीत. बाटली रिकामी असेल तर नेता येते. तपासणी झाली की आत पिण्याच्या पाण्याचे नळ असतात, तिथे भरून घ्या.

दोन ठिकाणी फसगत होते. दुबई, दोहा, फ्रँकफर्ट अशा ठिकाणी विमान बदलायचं असेल तर तिथे बहुधा पुन्हा तपासणी होते, आणि मुंबईत भरलेलं पाणी ओतून द्यावं लागतं. तपासणीच्या रांगेत लागण्याआधी ते पिऊन टाका, पलीकडे पुन्हा भरा. दुसरं, अमेरिकेला सरळ जाणाऱ्या काही उड्डाणांना गेटपाशी आणखी एक तपासणी असते आणि तिथेही पाणी काढून घेतात. तसं झालं तर वाद घालू नका. रिकामी बाटली घेऊन चढा आणि कर्मचाऱ्यांकडून भरून घ्या.

५. जागेवर बसल्यावर

डोक्यावर हवेचा छोटा झोत येतो, तो गोल फिरवून बंद करता येतो किंवा त्याची दिशा बदलता येते. तो चेहऱ्यावर येऊ देऊ नका. उकडत असेल तर मांडीकडे वळवा. पहिल्या प्रवासात हे त्या झोताखाली तोंड वर करून झोपले होते.

सीटसमोरच्या कप्प्यात बाटली ठेवा, म्हणजे ती सारखी दिसेल. जागे असाल तेव्हा तासाला एक छोटा कप, म्हणजे १५० मिलिलिटरच्या आसपास, दोन-तीन घोटांत विभागून प्या. घोट लगेच गिळू नका. तोंडात फिरवा, मग गिळा.

पाणी मागायला लाजू नका. माझी इंग्रजी मोडकीतोडकी आहे, तरी "वॉटर, प्लीज" एवढ्यावर काम होतं. विमानाच्या मागच्या बाजूला जिथे जेवण तयार ठेवतात तिथे जाऊन उभं राहिलं की बाटली भरून देतात. स्वच्छतागृहातल्या नळाचं पाणी पिऊ नका, ते पिण्यासाठी नसतं. कोमट पाणी हवं असेल तर गरम पाण्यात साधं मिसळून मागा. नुसतं गरम मागितलं तर चहाचं उकळतं येतं, आणि हलत्या विमानात ते अंगावर सांडलं तर भाजतं.

चहा-कॉफी घेतली तर बिघडत नाही. रोज दोन-तीन कप पिणाऱ्याला एक-दोन कपांनी पाणी कमी पडत नाही, फक्त झोपेच्या आधी नको. दारूचं तसं नाही. ती लघवी वाढवते, आणि झोपेत घशाचे स्नायू सैल करून घोरायला लावते. घोरणं म्हणजे तोंडाने श्वास. खारे दाणे आणि वेफर्स कोरड्या घशाला चरचरतात, एवढ्यासाठीच टाळा.

६. झोपताना सगळ्यात जास्त जपा

जागेपणी घसा कोरडा पडला की आपण आपोआप घोट घेतो किंवा आवंढा गिळतो. झोपेत लाळ कमी सुटते, गिळणं कमी होतं, आणि बसल्या बसल्या झोपलेल्या माणसाची मान मागे पडून तोंड उघडतं. दोन-तीन तासांत घसा वाळायला एवढं पुरतं. विमानात घसा दुखतो तो बहुतेकांना झोपून उठल्यावरच कळतो, त्याचं कारण हे.

म्हणून झोपण्याआधी एवढं करा. प्रत्येक नाकपुडीत सलाइनचे एक-दोन थेंब घाला आणि हलकेच आत ओढा. ओठांना व्हॅसलीन लावा. दोन घोट पाणी प्या. मग नाक-तोंड झाकेल असा मास्क लावा. आपलाच उच्छ्वास ओला असतो. मास्क तो अडवून धरतो आणि पुढचा श्वास त्याच ओलाव्यातून आत जातो. मला मास्कने गुदमरल्यासारखं होतं, म्हणून मी मऊ सुती ओढणी नाकावरून सैल गुंडाळली. तिनेही काम झालं.

मान मागे पडू नये म्हणून गळ्यातली उशी वापरता ना, ती थोडी पुढे फिरवून हनुवटीखाली येईल अशी घाला. तोंड उघडायचं प्रमाण यांचं त्यामुळे बरंच कमी झालं.

झोपेसाठी, सर्दीसाठी किंवा उलटी होऊ नये म्हणून घेतात त्या बऱ्याच गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं. सेटिरिझिन, प्रोमेथाझिन या त्यांपैकीच. गरज असेल तर डॉक्टरांना विचारून जरूर घ्या, पण घेतल्यावर घसा जास्त सुकणार हे धरून चाला. नुसती झोप यावी म्हणून सर्दीची गोळी घेऊ नका. आणि जेवण झाल्या झाल्या सीट मागे करून आडवं होऊ नका. आम्लपित्त वर आलं तर तेही घसा जाळतं.

घोरणाऱ्या माणसाबरोबर प्रवास करत असाल तर तुम्ही उठाल तेव्हा त्यालाही उठवा. दोन घोट पाजा आणि मग झोपू द्या.

७. आमचा दुसरा प्रवास, वेळेप्रमाणे

जानेवारी महिना होता. विमान रात्री साडेअकराला सुटलं. घड्याळं आम्ही भारतीय वेळेवरच ठेवली, म्हणजे हिशेब सोपा राहतो.

साडेबारा ते एकच्या सुमारास जेवण आलं. जेवणाबरोबर एक कप पाणी, आणि झोपण्याआधी आणखी एक. दोनला नाकात थेंब, मास्क, झोप. साडेचारला मी स्वच्छतागृहात जायला उठले, तेव्हा यांना हलवलं. त्यांचा मास्क हनुवटीवर उतरला होता आणि जीभ टाळूला चिकटत होती. अर्धा कप पाणी, पुन्हा थेंब, मास्क नीट, पुन्हा झोप. सातला उठलो. घशात थोडी खरखर होती, दुखत नव्हतं.

सात ते दुपारी दोनपर्यंत तासाला एक कप. मध्ये एकदा चहा घेतला. अकराच्या सुमाराला तिसऱ्यांदा थेंब घातले. अधूनमधून खडीसाखर. उतरायच्या आधी तासभर पाणी थांबवलं, कारण विमान खाली येताना पट्टे बांधून बसावं लागतं आणि उठता येत नाही. तेव्हा कानांसाठी खडीसाखर चघळत राहिलो. साडेतीनला, म्हणजे तिथल्या पहाटे पाचला, उतरलो. प्रत्येकी दीड लिटरच्या थोडं आत पाणी लागलं. चार-पाचदा उठावं लागलं एवढंच.

पाणी पुरतंय का हे लघवीच्या रंगावरून कळतं. फिकट पिवळी असेल तर ठीक. गडद असेल तर पुढच्या दोन तासांत घोट वाढवा. अगदी पाण्यासारखी स्वच्छ होऊन सारखं जावं लागत असेल तर जास्त होतंय. भराभर खूप पाणी प्यायल्याने रक्तातलं सोडियम उतरू शकतं, आणि म्हाताऱ्या माणसांना त्याचा त्रास लवकर होतो.

८. उतरल्यावर घसा दुखतच असेल तर

पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून गुळण्या करा, दिवसातून तीन-चार वेळा. मध घातलेलं कोमट पाणी घ्या, पण एक वर्षाखालच्या बाळाला मध देऊ नका. नाकातले थेंब पहिले दोन दिवस चालू ठेवा. वाफ घ्यायची तर पातेल्यावर वाकण्यापेक्षा न्हाणीघराचं दार लावून गरम पाण्याचा शॉवर सोडा आणि दहा मिनिटं आत बसा. उकळत्या पातेल्याने भाजण्याची भीती असते.

थंडीच्या दिवसांत उत्तर अमेरिकेत गेलात तर आणखी एक गोष्ट तिथे वाट पाहत असते. घर गरम करणारी यंत्रणा रात्रभर चालते, आणि बाहेरची गोठलेली हवा आत येऊन तापली की तीही कोरडीठक्क होते. विमानातून उतरून तुम्ही पुन्हा कोरड्या हवेतच झोपता, म्हणून घसा बरा व्हायला उशीर लागतो. मुलांकडे ह्युमिडिफायर, म्हणजे हवेत ओलावा सोडणारं यंत्र, असेल तर खोलीत लावायला सांगा, पण त्यातलं पाणी रोज बदलायचं आणि भांडं धुवायचं, नाहीतर त्यात बुरशी धरते. नसेल तर ओला टॉवेल खुर्चीवर पसरून ठेवा. थोडा फरक पडतो.

९. वाळलेला घसा की संसर्ग?

वाळलेला घसा विमानातच किंवा उतरताना दुखायला लागतो, झोपून उठल्यावर सर्वांत जास्त, पाणी प्यायल्यावर कमी. ताप नसतो. एक-दोन दिवसांत दर तासागणिक बरं वाटत जातं.

विमानात कुणाकडून लागलेला संसर्ग असा लगेच दिसत नाही. सर्दीच्या विषाणूंना बहुधा एक ते तीन दिवस लागतात. त्यामुळे उतरल्यावर तुम्ही ठीक होतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घसा, नाक, अंग दुखायला लागलं, तर तो संसर्ग असू शकतो. विमानातच ताप चढला असेल तर तो बहुधा घरूनच बरोबर आलेला आहे. संसर्गही बहुतेक वेळा विषाणूचा असतो आणि त्यावर अँटिबायोटिक चालत नाही. पिशवीतली उरलेली पट्टी मनाने सुरू करू नका.

ताप १०१ फॅरनहाइटच्या वर गेला, टॉन्सिलवर पांढरे ठिपके दिसले, गळ्याच्या गाठी सुजून दुखायला लागल्या, किंवा तीन दिवसांनी दुखणं कमी होण्याऐवजी वाढलं, तर डॉक्टरांना दाखवा. अमेरिकेत साध्या दुखण्यासाठी थेट मोठ्या इस्पितळाच्या आपत्कालीन विभागात गेलं तर बिल फार येतं. त्याऐवजी अर्जंट केअर नावाचे दवाखाने असतात, मुलांना तिथे न्यायला सांगा आणि प्रवास विम्याचा कागद बरोबर ठेवा. पण श्वास घेताना आवाज येत असेल, स्वतःची लाळही गिळवत नसेल, तोंड उघडता येत नसेल किंवा आवाज घोगरा होऊन तोंडात काही धरल्यासारखा येत असेल, तर बिलाचा विचार न करता लगेच ९११ या तिथल्या तातडीच्या नंबरवर फोन करा.